जेलीच्या गोळ्यांतलं जिलेटीन प्राण्याचं असतं का? शाकाहारी माणसाने पाकिटावर काय बघायचं?

हो भाऊ, प्राण्याचंच. डुकराची-गुरांची कातडी न् हाडं, कधी मासे, यातून काढतात. पेढा-बर्फीत नसतं ते, पण मार्शमॅलो आणि चावायच्या लवचिक गोळ्यांत बऱ्याचदा सापडतं.

इथल्या पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका असला की झालं, तपकिरी त्रिकोण (जुन्या मालावर तपकिरी ठिपका) म्हणजे मांसाहारी. खरा घोळ दुबईहून कोणी आणलेल्या पाकिटाचा, त्यावर आपला ठिपकाच नसतो आणि लोक हलालचा शिक्का बघून निश्चिंत होतात, अरे पण हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, ते गाईचं जिलेटीन असू शकतं! मग मागे घटकांची यादी वाचा, जिलेटीन, बोवाइन किंवा बीफ जिलेटीन, कुठे नुसता ४४१ नंबर दिसला तर खाऊ नका. पेक्टिन (४४०) फळांतून येतं, अगर म्हणजे आपलं चायना ग्रास (४०६) समुद्री शेवाळातून, ते चालतं.

जळगाव-धुळ्याच्या बाजारात बरणीतून सुट्या गोळ्या देतात तिथे दुकानदाराचं 'व्हेजच आहे' ऐकू नका, मूळ खोकं दाखवा म्हणा, नाही दाखवलं तर घेऊच नका.