विरजण, रेनेट आणि 'मुरणं'

प्रश्न : चीजच्या कृतीचं मराठी करतेय. 'स्टार्टर कल्चर' आणि 'रेनेट' दोन्हींना 'विरजण' म्हटलं तर चालेल का? आणि चीज पिकतं, मुरतं की आंबतं?

'स्टार्टर कल्चर'ला विरजण खुशाल म्हणा. रेनेटला मात्र म्हणू नका, ते रेनेटच राहू द्या. दोघांमुळे दूध घट्ट होतं हे खरं, पण घट्ट होण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. ते दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. पीएच ४.६च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकत्र येतं आणि दही लागतं. रेनेट जिवंत नसतं. पूर्वापार ते वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, आता बुरशीपासून किंवा किण्वनानेही मिळतं. त्यातलं कायमोसिन हे विकर केसीनच्या कणांवरची केसाळ लव तेवढी छाटतं. ही लवच कणांना एकमेकांपासून लांब ठेवत असते. ती गेली की दुधातल्या कॅल्शियमच्या मदतीने कण एकमेकांना चिकटतात, आणि त्यासाठी दूध आंबट व्हावंच लागतं असं नाही. दही डावाने मोडतं, पण रेनेटने लागलेला थर सुरीने कापता येतो, आणि कापला की आकसून आपणहून पाणी सोडतो. थर तयार झाला की नाही हे बघायला सुरी तिरकी खुपसून अलगद उचलायची. चीर स्वच्छ पडली आणि तिच्यात निवळ पाणी दिसलं तर झालं. लिबलिबीत फाटलं तर अजून थांबायचं. टेट्रापॅकमधल्या दुधाचं हे सहसा जमत नाही, कारण अतितापाने त्यातली प्रथिनं बदललेली असतात.

आता पिकणं की मुरणं, यासाठी फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं कामाँबेर हे मऊ चीज घेऊ. तिथल्या पारंपरिक पद्धतीत कच्च्या दुधाला आधी विरजण लावतात, मग रेनेट घालतात. लागलेला थर डावाने साच्यात पाच वेळा थोडाथोडा, मध्ये वेळ सोडून भरतात. पाणी निथळू देतात, मीठ लावतात. या टप्प्यावर चकती आंबट आणि खडूसारखी ठिसूळ असते, कारण आम्लाने कॅल्शियम बाहेर काढलेलं असतं. इथवरच्या टप्प्याला 'आंबणं' म्हणा, बरोबर आहे.

पुढे गार, दमट खोलीत पृष्ठभागावर पेनिसिलियम कामाँबेर्टी ही पांढरी बुरशी उगवते. ती आधी लॅक्टिक आम्ल खाते, मग प्रथिनं फोडते आणि त्यातून अमोनिया सुटतो. त्यामुळे वरचा पीएच ७च्या घरात चढतो, आत मात्र तो अजून ५च्या खालीच असतो. या फरकामुळे आतलं आम्ल आणि कॅल्शियम हळूहळू सालीकडे सरकतं. आंबटपणा उतरला की केसीन पाणी धरून मऊ होतं. आत शिल्लक राहिलेल्या रेनेटने त्याची घट्ट वीण आधीच सैल केलेली असते. म्हणजे रेनेटचं काम दूध लागल्यावर संपत नाही. बुरशीची स्वतःची विकरं काही मिलिमीटरपलीकडे पोहोचत नाहीत, तरी चकती थेट गाभ्यापर्यंत मऊ होते, ती या सरकण्यामुळे.

अर्धवट झालेली चकती कापली तर सालीखाली लोण्यासारखं पिवळसर कडं दिसतं आणि मधे पांढरा खडू. म्हणून माझं मत 'मुरणं'कडे. आंबा आढीत आपल्या आपण पिकतो. इथे वरून लावलेली गोष्ट आतपर्यंत काम करत जाते, लोणच्यासारखी. बोलताना कोणी 'पिकलेलं चीज' म्हटलं तर मी हटकणार नाही, पण कृतीत क्रियापद म्हणून 'मुरवणं' नेमकं बसतं.

चवीचंही तेच. अळंबीचा वास बुरशी स्निग्धांशापासून तयार करते, कोबीसारखा उग्र वास गंधकयुक्त अमिनो आम्लं फुटल्यावर येतो. रेनेट जास्त पडलं तर प्रथिनांचे कडू तुकडे उरतात. पाणी नीट निथळलं नाही तर सालीखाली पातळ ओघळ होतो आणि मध्यभाग कच्चाच राहतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया म्हणजे जास्तच मुरलं.

तेव्हा तुमच्या कृतीत असं लिहा : 'कोमट दुधाला विरजण लावा. थोडं आंबलं की थंड पाण्यात कालवलेलं रेनेट घाला आणि दूध न हलवता लागू द्या. साच्यात निथळवा, मीठ लावा आणि तीन आठवडे मुरवा.'