ओट्स-गुळाच्या कुकीज: दुसरा घाणा का पसरला नाही?

पहिला घाणा छान पसरला, अर्ध्या तासाने लावलेल्याचे मात्र लाडूच राहिले. पीठ तर तेच होतं!

मधल्या वेळात ओट्स पाणी प्यायले. रोल्ड ओट्स म्हणजे वाफवून चपटे केलेले दाणे. त्यातला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन हा तंतू गुळातलं, अंड्यातलं पाणी ओढून धरतात. पीठ घट्ट होतं, मग लोणी वितळलं तरी ते वाहत नाही. पण तेच पाणी आत राहिल्याने कुकी चावायला मऊ-चिवट लागते, म्हणून मी पीठ मुद्दाम अर्धा तास ठेवते आणि गोळे तळहाताने सेंटिमीटरभर जाडीचे दाबते. कडा तपकिरी झाल्या की काढा, मधे कच्चट वाटलं तरी. गार होताना ते धरतं. इन्स्टंट ओट्स नकोत, लगदा होतो.