क्लीशे, रॉन्देव्हू, फिऑन्से, देजा व्हू हे शब्द इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात भलतंच, असं का?

शाळेत मी 'रॉन्देव्हू' मोठ्याने 'रेन्डेझव्हस' असा वाचला होता, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. हे शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आलेत, आणि खरं तर फ्रेंच वाचण्याच्या नियमाने ही स्पेलिंग अगदी सरळ आहेत. शब्द कधी आणि कसा आला, यावर सगळं अवलंबून.

कागदावर 'डिफायन्स'चं स्पेलिंग लिहा आणि सुरुवातीची डी, ई ही अक्षरं खोडा. उरतं ते 'फिऑन्से'! योगायोग नाही, दोन्हींच्या मुळाशी विश्वास ठेवणं हाच अर्थ आहे. फिऑन्से म्हणजे ज्याने लग्नाचं वचन दिलंय तो, आणि डिफायन्स म्हणजे मुळात निष्ठा मोडून दिलेलं आव्हान. पण डिफायन्स मध्ययुगात आला, तोंडी रुळला आणि इंग्रजांनी तो आपल्या वळणाने उच्चारला. फिऑन्से आला एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच येणाऱ्या सुशिक्षितांमार्फत. त्यांनी स्पेलिंगही तसंच ठेवलं आणि उच्चारही जमेल तितका. शेवटच्या ई वरची तिरकी रेघ आज बरेच जण गाळतात, पण 'ए' उच्चारायचा तो तिच्यामुळेच. मुलगी असेल तर शेवटी आणखी एक ई लागते. उच्चारात काडीचा फरक नाही, म्हणून मुलाच्या नावापुढे दोन ई हमखास पडतात.

क्लीशे हा मूळचा छापखान्यातला शब्द. अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घेऊन धातूची अख्खी पाटी ओतायची. खिळे पुढच्या पानासाठी मोकळे, आणि पाटी हवी तितकी वापरा. साचा वितळलेल्या धातूवर आपटताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं असं सांगतात. त्याच त्या पाटीवरून त्याच त्या वाक्याकडे अर्थ सरकला. आपलं 'साचेबद्ध' आणि 'छापील उत्तर' याच वळणाचे. गंमत म्हणजे क्लीशेच्या शेवटचा 'ए' फ्रेंचमध्ये 'केलेला' असं सांगतो. इंग्रजांनी त्यावर आपला डी चढवून 'क्लीशेड' केलं, म्हणजे 'केलेला' दोनदा!

रॉन्देव्हू म्हणजे शब्दशः 'हजर व्हा'. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, सैन्याच्या जमण्याच्या जागेसाठी. आज इंग्रजीत त्याला चोरट्या भेटीचा वास येतो. फ्रान्समध्ये मात्र दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा रांदेव्हूच.

देजा व्हू म्हणजे 'आधीच पाहिलेलं'. फ्रेंच तत्त्वज्ञ एमिल ब्वाराक यांनी 1876 मध्ये, नवीन गोष्टही आधी पाहिल्यासारखी वाटते त्या विचित्र भासासाठी हा शब्द वापरला आणि इंग्रजीने प्रामुख्याने तोच अर्थ उचलला. फ्रेंच माणूस मात्र एखाद्या सिनेमाला देजा व्हू म्हणतो तेव्हा त्याला काही भासबिस झालेला नसतो. इंग्रज ज्याला क्लीशे म्हणेल, तेच त्याला म्हणायचं असतं.