अंधारातल्या व्हिडिओतले ठिपके घालवताना जरीकाठ कसा वाचवायचा

प्रश्न : समईच्या उजेडात आरती शूट केली. भिंतीच्या सावलीत लाल-हिरवे ठिपके नाचतात. नॉइज रिडक्शन वाढवलं की ठिपके जातात, पण साडीचा जरीकाठ मेणासारखा होतो.

स्लायडर एकच असला की उजेड आणि रंग दोन्ही सारखेच पुसले जातात. फोनच्या नेहमीच्या 4:2:0 व्हिडिओत चार पिक्सेलांमागे रंगाची नोंद एकच असते. काठाची वीण दिसते ती उजेडाच्या फरकामुळे. म्हणून रंग जोरात पुसा, उजेडाला हलका हात लावा. कमांड लिहून चालवायच्या एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्ये हे असं जमतं:

```
ffmpeg -i aarti.mp4 -vf hqdn3d=1:6:4:8 -c:v libx264 -crf 17 -c:a copy saaf.mp4
```

hqdn3d या फिल्टरपुढचे पहिले दोन आकडे एकाच फ्रेममधल्या सफाईचे, पुढचे दोन आधीच्या फ्रेम्सशी सरासरी काढण्याचे. प्रत्येक जोडीत आधी उजेड, मग रंग. मूळ सेटिंगमध्ये पहिला आकडा 4 असतो आणि जरीची वीण खातो तो तोच. सरासरीचं तसं नाही. ठिपका दर फ्रेमला जागा बदलतो, जरीची वीण मात्र तिथेच असते. स्थिर दृश्यात चार फ्रेम्सची सरासरी घेतली तर नॉइज साधारण निम्मा होतो आणि वीण जागेवर राहते. फोन हातात हलत असेल तर हा फायदा बराच कमी होतो.

प्रश्न : भिंत स्वच्छ झाली, पण ओवाळणाऱ्या हातामागे धुरकट शेपूट दिसते.

सावळ्या भिंतीपुढे अंधुक हात हलला की उजेडातला फरक इतका थोडा असतो की फिल्टर त्यालाही नॉइज समजतो आणि जुनी फ्रेम त्यात मिसळतो. तिसरा आकडा 2 वर आणा; शेपूट रंगीत असेल तर चौथा 4 वर. मग थोडी करडी रवाळ झाक उरेल. ती राहू द्या, डोळ्याला ती रंगीत ठिपक्यांइतकी खुपत नाही.

जास्त पुसलं गेलंय का, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. एडिटरमध्ये मूळ क्लिपवर साफ केलेली क्लिप ठेवा, ब्लेंड मोड डिफरन्स करा आणि वरून उजेड वाढवा. काळ्या पडद्यावर नुसती रवाळ भुरभुर दिसली तर ठीक. काठाची नक्षी ओळखू आली, तर तुम्ही जरीकाठ पुसताय.

प्रश्न : व्हिडिओ काळपट आहे. आधी उजळवू की आधी साफ करू?

आधी साफ, मग उजळ, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आधी उजळवलं तर सावलीतले ठिपकेही तितकेच वाढतात आणि फिल्टरला ते नक्षीसारखे वाटू लागतात. फोनने शूट करतानाच जे पुसून टाकलंय, ते मात्र कशानेच परत येत नाही.

प्रश्न : पुढच्या वेळी 60 फ्रेम्सवर घेऊ का?

नको. 60 वर शटर 1/60 सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहू शकत नाही. 25 फ्रेम्स आणि 1/50 ठेवा. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटही लुकलुकणार नाही. झूम न करता मुख्य लेन्सच वापरा आणि दोन पावलं पुढे जा.