‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांची सहल

*ताई, आम्ही चार जोडपी, सगळे निवृत्त, एकाच इमारतीतले. सहा दिवसांच्या सहलीचं घाटतंय. दोघांना पहाटेच निघून सगळं बघायचंय, दोघींचे गुडघे दुखतात, एकांना दुपारची झोप हवीच. बैठकीत मात्र प्रत्येक जण म्हणतो, ‘मला काहीही चालेल’, आणि घरी गेल्यावर कुरबुर सुरू. ठरवायचं कसं?*

ठिकाणाची चर्चा आठवडाभर बाजूला ठेवा. आठही जणांना एकेक कागद द्या. जोडप्याला मिळून एक नको, कारण नवऱ्याचं उत्तर बायकोच्या नावावर खपतं. आवडीनिवडी विचारू नका, शरीराचं विचारा: न बसता किती मिनिटं चालता येतं? न थांबता किती पायऱ्या चढता येतात? किती वेळाने स्वच्छतागृह लागतं? जेवणाशी बांधलेली औषधं कोणती? शेवटी, कोणती एक गोष्ट नसेल तर येणार नाही? चारचौघांत ‘मला दर तासाला जावं लागतं’ असं कुणी म्हणत नाही, कागदावर लिहितात. हे कागद एकाच विश्वासू व्यक्तीने वाचावेत आणि नावं न घेता फक्त मर्यादा सांगाव्यात.

आता सगळ्यात कमी आकडा धरा. समजा, कुणी वीस मिनिटंच चालू शकतं. मग सगळ्यांनी मिळून करायच्या कार्यक्रमात वीस मिनिटांच्या आत बसायला जागा हवी. सरासरी काढू नका. सरासरीने गुडघा चालत नाही.

दिवस असा बांधा: साडेआठला नाश्ता, साडेनऊला निघणं, एकच ठिकाण, साडेबाराला जेवण, चारपर्यंत विश्रांती. हे सर्वांचं. पहाटेचा फेरफटका आणि संध्याकाळ ऐच्छिक. हौशी मंडळींनी पहाटे खुशाल जावं, त्या गाडीचा खर्च त्यांनीच वाटून घ्यावा आणि साडेआठला परत यावं. कुणी लघवीची गोळी सकाळी घेत असेल, तर पुढचे काही तास वारंवार जावं लागतं, म्हणून लांबचा प्रवास त्या वेळेत ठेवू नका. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

वेळापत्रक कोलमडतं ते बहुधा चढण्या-उतरण्यात. आठ जण उतरणार, स्वच्छतागृह, चहा, कुणाचा चष्मा राहिला... एका थांब्याला पंचवीस मिनिटं सहज जातात. दिवसात चार ठिकाणं घेतलीत, तर एक तास चाळीस मिनिटं तिथेच संपली. म्हणून मुक्कामही दोनच करा: एकीकडे तीन रात्री, दुसरीकडे दोन, आणि मुक्काम बदलायच्या दिवशी बाकी काही नाही.

खोल्या ठरवताना ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका. लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, हे फोनवर विचारा आणि फोटो मागवा.

आगाऊ पैसे भरण्याआधी याच वेळापत्रकाने जवळच कुठे तरी एक दिवस जाऊन या. तीनच्या सुमाराला कोण गप्प झालंय, ते बघा. ‘काहीही चालेल’ म्हणणारी व्यक्ती बहुतेक तीच असेल, आणि तिचा कागद पुन्हा भरून घ्यावा लागेल.