पाकिटावरचा दुसरा लायसन्स नंबर बघा

प्रश्न: मॉलच्या स्वतःच्या ब्रँडची बिस्किटं नक्की कोण बनवतं, कसं कळेल?

खाण्याच्या वस्तूचं पाकीट उलटं करून १४ आकडी एफएसएसएआय लायसन्स नंबर शोधा. बऱ्याचदा दोन असतात. ठळक एफएसएसएआय लोगोखालचा दुकानाच्या कंपनीचा, म्हणजे ब्रँडच्या मालकाचा असतो. बनवणारा वेगळा असेल तर त्याचा नंबर बारीक अक्षरात, 'उत्पादक' किंवा 'युनिट'च्या पत्त्याजवळ असतो. आपल्याला तो हवा.

तो foscos.fssai.gov.in वर FBO Search मध्ये टाका. कारखान्याचं नाव आणि पत्ता येतो.

मी कोथरूडहून आणलेल्या खारीच्या पुड्यावर तीन युनिट होती, ए, बी, सी. खाली लिहिलं होतं, 'बॅच नंबरचं पहिलं अक्षर पाहा'. बॅच बी-ने सुरू होत होता, म्हणून बी-चाच नंबर शोधला. पुढचा पुडा ए-चा निघू शकतो, म्हणून दर वेळी बघावं लागतं.

डाळ-तांदळाला मात्र हा नंबर बहुधा पॅकिंग करणाऱ्याचा असतो. गिरणी त्यातून कळत नाही. आणि कारखाना एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा निघाला, तरी माल तोच असं धरू नका. घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता शेजारी ठेवून ताडून पाहा.