बारा मिनिटांच्या भाषणात आपल्या संशोधन-पेपरमधलं काय घ्यायचं?

पेपरच्या क्रमाने स्लाइड बनवू नका. सुरुवातीला बहुतेकांचं तिथेच चुकतं. आधी मुख्य निष्कर्ष एका वाक्यात लिहा. मग प्रत्येक मुद्द्याला विचारा: हा गाळला तर ऐकणाऱ्याचा निष्कर्षाबद्दल गैरसमज होईल का?

समजा, नव्या व्यायामाने गुडघेदुखी कमी झाली, असा तुमचा निष्कर्ष आहे.

- पद्धत: गट यादृच्छिक पाडले का आणि वेदना कशी मोजली, एवढंच. नमुनासंख्येचं गणित राखीव स्लाइडवर ठेवा, कुणी विचारलं तर दाखवा.
- निकाल: एकच आलेख, दोन्ही गटांतला फरक आणि त्यातली अनिश्चितता. पेपरमधला तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका, मागच्या रांगेतून तो वाचताच येत नाही.

मर्यादा निवडणं सगळ्यात अवघड. व्यायाम गटातले बरेच जण मध्येच सोडून गेले असतील, तर कदाचित ज्यांना फायदा झाला तेच उरले असतील आणि फरक फुगलेला दिसत असेल. ही मर्यादा आलेखाखालीच लिहा. शेवटच्या स्लाइडवर ती घाईत राहून जाते. ‘अभ्यास एकाच केंद्रात झाला’ हे तोंडी एका वाक्यात सांगितलं तरी पुरे.

घड्याळ लावून मोठ्याने सराव करा. वेळ पुरत नसेल, तर पद्धतीला कात्री लावा, आलेखाखालच्या मर्यादेला नाही.